आधी उपाधी उतरवा, मग नाव तोडा

एका वाचनालयाची जुनी कार्डे संगणकावर चढवण्याचे काम काही वर्षांपूर्वी मी अंगावर घेतले होते. लेखकांची नावे कुणीतरी आधीच एका शीटमध्ये टाईप करून ठेवली होती, एका चौकटीत एक पूर्ण नाव. यादी आडनावाप्रमाणे लावायची, तर तीन रकाने हवेत: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. मी साधा मार्ग धरला. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे नाव तोडायचे. पहिला शब्द पहिल्या रकान्यात, शेवटचा आडनावात आणि उरलेले सगळे मध्ये. काम मिनिटभरात झाले.

यादी लावून पाहिली तेव्हा पहिल्या नावांच्या रकान्यात सगळ्यांत जास्त वेळा ‘डॉ.’ दिसत होते. इरावती कर्वे यांचे पहिले नाव ‘डॉ.’, रा. चिं. ढेरे यांचेही ‘डॉ.’. इंग्रजी कपाटातल्या ‘स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम’ या पुस्तकाचे लेखक मार्टिन ल्यूथर किंग तर ‘के’ऐवजी ‘जे’ अक्षराखाली जाऊन बसले होते, कारण त्यांचे आडनाव `Jr.` ठरले होते.

चूक समजायला हेच नाव पुरेसे आहे. शीटमध्ये ते असे होते: `Dr. Martin Luther King Jr.` यात पाच शब्द आहेत. ‘पहिला शब्द म्हणजे नाव, शेवटचा म्हणजे आडनाव’ हा नियम केवळ जागा पाहतो, अर्थ पाहत नाही. आणि नेमक्या त्या दोन्ही जागा अशा शब्दांनी अडवलेल्या असतात, जे नावाचा भागच नाहीत. म्हणून नाव तोडण्यापूर्वी दोन्ही टोके मोकळी करावी लागतात. तोडून झाल्यावर दुरुस्ती करू म्हटले तर उशीर होतो. कोणता शब्द कुठून आला ही खूण तोवर पुसली गेलेली असते.

टोके मोकळी करण्याची रीत सोपी आहे. आधी येणाऱ्या उपाध्यांची एक यादी करायची आणि मागे येणाऱ्या पुरवण्यांची दुसरी. नावाचा पहिला शब्द घ्यायचा, त्याचा टिंब काढायचा, इंग्रजी असेल तर सगळी अक्षरे लहान करायची, म्हणजे `Dr`, `Dr.` आणि `DR` एकच ठरतात. तो शब्द उपाध्यांच्या यादीत असला तर बाजूला ठेवायचा आणि पुढचा शब्द पाहायचा. यादीत नसलेला पहिला शब्द आला की थांबायचे. मग हेच शेवटच्या शब्दापासून उलट दिशेने करायचे. किंग यांच्या बाबतीत पुढून `Dr.` उतरते, मागून `Jr.` उतरते, मध्ये `Martin Luther King` उरते. आता तोच जागेचा नियम लावला की नाव, मधले नाव आणि आडनाव आपापल्या ठिकाणी पडतात.

उतरवलेले शब्द फेकून मात्र द्यायचे नाहीत. फोनमधला संपर्क दुसऱ्याला पाठवताना जी व्हीकार्ड फाइल जाते, तिच्यात नावासाठी पाच कप्पे असतात: आडनाव, पहिले नाव, मधले नाव, आधीची उपाधी आणि मागची पुरवणी. किंग यांचे नाव त्यात असे लिहिले जाईल:

```
N:King;Martin;Luther;Dr.;Jr.
```

शेवटचे दोन कप्पे वेगळे असण्याला कारण आहे. ‘डॉक्टर’ ही मिळवलेली गोष्ट. किंग यांना बॉस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट 1955 मध्ये मिळाली. त्याआधीच्या कागदांवर ती असणार नाही, तरी माणूस तोच. म्हणून दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का हे ताडून पाहताना `Dr.` बाजूला ठेवावे. `Jr.` चे उलटे आहे. त्यांच्या वडिलांचे नावही मार्टिन ल्यूथर किंगच होते, तेही धर्मोपदेशक होते आणि 1960 पासून बापलेक अटलांटाच्या एबनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये बरोबरीने काम करत होते. नाव एक, आडनाव एक, पेशा एक, पत्ताही एक. ही पुरवणी फेकली तर ‘दोनदा आलेल्या नोंदी काढून टाका’ म्हटल्याबरोबर बाप आणि मुलगा मिळून एकच माणूस होतो.

मराठी घरात ही अडचण सहसा येत नाही. आपण आजोबांचे नाव नातवाला ठेवतो, पण मधल्या जागी प्रत्येकाच्या स्वतःच्या वडिलांचे नाव असते, त्यामुळे पूर्ण नाव वेगळे राहते. जे काम आपल्याकडे वडिलांचे नाव करते, ते अमेरिकेत ‘ज्युनिअर’ करतो.

पुढची अडचण स्वल्पविरामाची. ग्रंथालयात आडनाव आधी लिहून स्वल्पविराम देतात: `King, Martin Luther, Jr.` म्हणून अनेक जण नियम करतात की स्वल्पविराम दिसला की त्याआधीचे ते आडनाव. पण अमेरिकेत सरळ नाव लिहितानाही `Martin Luther King, Jr.` असे लिहायची पद्धत आहे. इथे तो नियम लावला तर आडनाव ‘मार्टिन ल्यूथर किंग’ आणि पहिले नाव ‘ज्युनिअर’ होते. म्हणून स्वल्पविरामानंतर काय आहे हे आधी पाहावे. तिथे फक्त पुरवणी असेल आणि तिच्यापुढे काहीच नसेल, तर नाव सरळ क्रमाचे आहे. पुढे आणखी काही असेल, तर आडनाव आधी आले आहे. इथेही पुरवणी ओळखण्याचे काम आधी, तोडण्याचे नंतर.

एवढे शिकून मी मराठी नावांकडे वळलो, तेव्हा पहिला धक्का ‘डॉ.’नेच दिला. यादीत शब्द घातलेला असूनही काही ‘डॉ.’ उतरतच नव्हते. डोळ्यांना सगळे सारखेच दिसत होते, पण काहींनी ते ‘ड’वर ‘ऑ’ची एकच मात्रा देऊन टाईप केले होते आणि काहींनी ‘डा’ लिहून त्यावर वेगळी चंद्रकोर चढवली होती. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. ‘ॲड.’मधल्या ‘ॲ’चेही असेच दोन अवतार सापडले. तिसरी सवय टिंबानंतर जागा न सोडण्याची: ‘डॉ.इरावती’ हा संगणकाला एकच शब्द वाटतो आणि कोणत्याच यादीत सापडत नाही. म्हणून यादीशी जुळवण्यापूर्वी मात्रा एका पद्धतीच्या करून घ्याव्यात आणि प्रत्येक टिंबानंतर जागा सोडावी.

टिंबानंतर जागा सोडली की ‘ह.भ.प.’चे ‘ह. भ. प.’ होते. ‘ह. भ. प. शं. वा. दांडेकर’ या नावात ओळीने पाच आद्याक्षरे दिसतात, त्यांतली तीन उपाधीची आणि दोन माणसाची. एकेक शब्द पाहत गेलो तर ‘ह.’ हे कुणाचेही आद्याक्षर असू शकते. म्हणून अनेक शब्दांच्या उपाध्या आधी जुळवायच्या, त्यातही सर्वांत लांब ती सर्वांत आधी, आणि एका शब्दाच्या उपाध्या त्यानंतर.

सगळ्यांत अवघड ठरले ते ‘श्री.’. श्री. ना. पेंडसे, श्री. म. माटे, श्री. कृ. कोल्हटकर ही नावे माझ्या प्रोग्रामसमोर आली आणि त्याने तिघांचेही ‘श्री.’ आदराने काढून बाजूला ठेवले. उरले ‘ना. पेंडसे’, ‘म. माटे’, ‘कृ. कोल्हटकर’. पण इथले ‘श्री.’ म्हणजे श्रीपाद, तिघेही श्रीपाद. ज्ञानकोशकार ‘डॉ. श्री. व्यं. केतकर’ यांच्या नावात तर खरी उपाधी आणि हे फसवे ‘श्री.’ शेजारी शेजारी आहेत. ‘डॉ.’ उतरले, पाठोपाठ श्रीधरही उतरले.

यावर उपाय सापडला तो काढलेल्या शब्दाकडे न पाहता उरलेल्या नावाकडे पाहिल्यावर. मराठी लेखकाचे नाव आद्याक्षरांनी छापतात तेव्हा बहुधा दोन आद्याक्षरे असतात, एक स्वतःचे आणि एक वडिलांचे. ‘श्री. पु. ल. देशपांडे’ यातले ‘श्री.’ काढले तर ‘पु. ल.’ उरते, म्हणजे ते ‘श्री.’ आदराचेच. ‘श्री. ना. पेंडसे’ यातले काढले तर ‘ना.’ एकटे पडते. एकटे आद्याक्षर उरले की ‘श्री.’ परत जागेवर ठेवायचे आणि त्या नोंदीवर खूण करायची.

उरलेले पाहण्याची ही सवय इतरत्रही कामी येते. चेलोवादक `Yo-Yo Ma` यांचे आडनाव पदव्यांच्या यादीतल्या ‘एम.ए.’शी जुळते. ते उतरवले तर आडनावच शिल्लक राहत नाही. म्हणून मागची पुरवणी उतरवल्यावर एकच शब्द उरत असेल तर ती उतरवू नये.

काही शब्द मात्र खरोखरच दोन्हीकडचे आहेत. ‘पंडित’ भीमसेन जोशींच्या नावाआधी उपाधी आहे, विजयालक्ष्मी पंडित यांच्या नावात आडनाव. सरळ क्रमात जागा सांगते की पुढे असेल तर उपाधी, शेवटी असेल तर आडनाव. पारशी आडनावांचेही तसेच: फारुख इंजिनिअर आणि नरी कॉन्ट्रॅक्टर या क्रिकेटपटूंच्या नावांतला शेवटचा शब्द पेशा सांगत नाही, घराणे सांगतो, ‘डॉक्टर’ हेही पारशांत आडनाव आहे. पण आपल्याकडे शाळेच्या हजेरीपासून मतदारयादीपर्यंत आडनाव आधी लिहायची सवय आहे, आणि तीही पुष्कळदा स्वल्पविरामाशिवाय. अशा यादीत ‘पंडित विजयालक्ष्मी’ आले, तर ते आडनाव की उपाधी हे त्या दोन शब्दांवरून कळण्याचा मार्ग नाही. शेजारच्या नोंदी कोणत्या क्रमाने आहेत ते पाहावे लागते, किंवा माणसाला विचारावे लागते.

सगळे करून झाल्यावर दोन तपासण्या केल्या. पहिल्या नावांची आणि आडनावांची मोजदाद लावून सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द वर आणले. यादीतून निसटलेली उपाधी असेल तर ती तिथे लगेच दिसते. मग उपाधी, नाव आणि पुरवणी पुन्हा जोडून मूळ ओळीशी ताडून पाहिली. एकही अक्षर हरवलेले नसले पाहिजे.

तरीही खूण केलेल्या नोंदी उरल्याच. त्यांची कार्डे काढून मी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंसमोर ठेवली. त्यांनी पहिलेच कार्ड उचलले आणि म्हणाल्या, “अहो, हे श्रीपाद नारायण पेंडसे. ‘गारंबीचा बापू’वाले.” मग पेन घेऊन त्यांनी ‘श्री.’च्या वर ‘श्रीपाद’ आणि ‘ना.’च्या वर ‘नारायण’ लिहिले. संगणकात ते नाव मी तसेच पूर्ण भरले. त्यानंतर ते तोडताना कुठल्याही नियमाची गरज पडली नाही.