हळवं, गरवं आणि मुलाच्या फोनवर गेलेला निरोप

कर्जत-खालापूरच्या भातशेतीत सगळ्यांची कापणी एकाच आठवड्यात येत नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या कर्जत-3 आणि कर्जत-7 या जाती हळव्या, कर्जत-5 निमगरवी, कर्जत-2 गरवी. हळवं भात साधारण 110 ते 120 दिवसांत तयार होतं, गरव्याला त्याहून दोन-तीन आठवडे जास्त लागतात. परतीचा पाऊस यायचा असला की ‘कापून पसरलेलं भात आज संध्याकाळपर्यंत उचला’ हा निरोप हळवं लावणाऱ्याला सोन्याच्या मोलाचा. गरव्यावाल्याची लोंबी अजून हिरवीच असते, त्याच्या खिशात उगाच फोन वाजतो.

एका कृषी सेवा केंद्रासाठी आम्ही अॅप बनवत होतो, ते या निरोपांसाठी. फायरबेसमध्ये गटाला निरोप पाठवायचा सरळ मार्ग म्हणजे टॉपिक. शेतकऱ्याने भाताची जात निवडली की त्याचा फोन तिच्या गटाच्या टॉपिकचा सदस्य होतो, आणि पाठवताना नुसतं टॉपिकचं नाव द्यायचं. नाव देवनागरीत चालत नाही, म्हणून `halve`, `nimgarve` आणि `garve`. पहिल्या हंगामात कुणाची तक्रार आली नाही.

दुसऱ्या हंगामात खालापूरकडच्या एका काकांचा फोन आला. “अरे, तुमचा तो पावसाचा निरोप बंद केलास का? भात भिजलं ना माझं.” आमच्याकडे सगळं हिरवं दिसत होतं. निरोप गेला होता, फायरबेसने तो स्वीकारल्याची पावती दिली होती. काकांना विचारलं, फोन बदललात का? दसऱ्याला मुलाने नवा घेऊन दिला होता. जुना? “तो त्यानेच ठेवला. रसायनीला कंपनीत नेतो रोज.” भात उचलायचा निरोप अगदी वेळेवर पोचला होता, पण रसायनीत कामावर असलेल्या मुलाकडे. त्याने तो बोटाने बाजूला सारला होता.

फायरबेसच्या लेखी काका नावाचं कुणी नसतंच. एका फोनवर एकदा अॅप बसवलं की त्या बसवण्याला एक लांबलचक टोकन मिळतं, आणि निरोप त्या टोकनला जातो. माणूस नव्या फोनवर गेला तरी जुनं टोकन जुन्या फोनवर जिवंत राहतं. नव्या फोनवर नवं टोकन तयार होतं, पण ते कुठल्याही टॉपिकचं सदस्य नसतं. मग काकांचं अॅप उघडल्यावर पुन्हा सदस्य का झालं नाही? कारण सदस्यत्व घेतल्याची खूण अॅप फोनमध्येच लिहून ठेवत होतं, आणि अँड्रॉइडच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपने ती खूण जशीच्या तशी नव्या फोनवर आणली. अॅपने ती वाचली आणि काम झालेलं आहे असं समजून ते गप्प बसलं. यात कुठेही चूक नोंदली जात नाही, म्हणून असली गोष्ट नोंदींमध्ये शोधून सापडत नाही. शेतकरी ओरडतो तेव्हाच कळते.

टॉपिकची आणखी एक अडचण तेव्हा जाणवली. एखाद्या टॉपिकचे सदस्य कोण, ही यादी फायरबेस देत नाही. लाखो वाचकांच्या बातम्यांच्या अॅपला तिची गरजही नसेल. आमची माणसं मोजकी, आणि निरोप कुणाला गेला हे सांगता येणं महत्त्वाचं. म्हणून टॉपिक सोडून स्वतःची नोंदवही ठेवली: शेतकरी, त्याच्या भाताची जात, त्याचं टोकन आणि ते शेवटचं कधी ताजं झालं ती तारीख. पाठवताना यादी काढायची आणि `sendEachForMulticast` ला एका वेळी 500 पर्यंत टोकनं द्यायची. काकांनी नव्या फोनवर नंबर टाकून प्रवेश केला की जुन्या फोनचं टोकन त्यांच्या नावावरून उतरतं. बॅकअपमधून ती खूणही वगळली.

टोकन मध्येच बदलूही शकतं. अॅपचा डेटा पुसला किंवा अॅप काढून पुन्हा टाकलं, तर नवं टोकन येतं. त्या क्षणी फोनला रेंज असेलच असं नाही. डोंगराकडेच्या वाड्यांत बहुधा नसतेच. म्हणून नवं टोकन आधी फोनमध्ये लिहायचं, मग रेंज मिळेल तेव्हा सर्व्हरला कळवायचं:

```kotlin
override fun onNewToken(token: String) {
    prefs.edit().putString("pendingToken", token).apply()
    TokenSync.enqueue(this)
}
```

`TokenSync` हे आमचं स्वतःचं काम. नेट आल्यावर ते चालतं.

मेलेली टोकनं काढताना घाई नको. `UNREGISTERED` असं उत्तर आलं तर ते टोकन संपलं, काढून टाका. `UNAVAILABLE` आलं तर फायरबेसची यंत्रणा तात्पुरती अडलेली असते. थांबून पुन्हा पाठवायचं, टोकनला हात लावायचा नाही. महिनाभर जुनं टोकन संशयित धरावं, असा एक सल्ला आहे. ‘अॅप शेवटचं कधी उघडलं’ यावर तो लावला तर भातवाल्यांची पंचाईत होते. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणारे अॅप उघडतात, पण बाकीचे भात झोडून वाल पेरले की थेट जूनपर्यंत तिकडे फिरकत नाहीत. पेरणीच्या तोंडावर अर्धी यादी साफ झाली असती. म्हणून अॅप न उघडताही महिन्यातून एकदा पार्श्वभूमीत टोकन कळवायची सोय ठेवली.

पावसाच्या निरोपाला मुदतही लागते. सांगितलं नाही तर फायरबेस न पोचलेला निरोप चार आठवडे धरून ठेवतं. सोमवारचा इशारा गुरुवारी कडक उन्हात आला तर पुढचा कुणी वाचणार नाही. संध्याकाळी सहाला पाठवलेल्या इशाऱ्याला आम्ही `"ttl": "64800s"` लावतो, म्हणजे 18 तास. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पोचला तर पोचला.

नको म्हणणाऱ्यांचा किस्सा निराळा. पावसाच्या इशाऱ्यांसोबत केंद्राच्या खता-औषधांच्या जाहिरातीही जायच्या. कर्जतच्या एका काकूंनी अॅपमध्ये जाहिराती बंद केल्या. पुढे अॅप काढून पुन्हा टाकलं, आणि जाहिराती परत सुरू. “एकदा नको म्हटलं ना बाळा, किती वेळा सांगायचं?” त्यांचा नकार फक्त फोनमध्ये लिहिलेला होता, बॅकअपमध्ये नव्हता, त्यामुळे अॅपबरोबर तोही पुसला गेला. आता नकार सर्व्हरवर काकूंच्या नावावर असतो, टोकनच्या नाही, आणि प्रत्येक वेळी पाठवण्याआधी तो तपासला जातो.

तरी काही जण अॅपमध्ये शिरतच नाहीत. नोटिफिकेशन दाबून धरतात आणि तिथूनच बंद करतात. त्यांच्यासाठी पाऊस आणि जाहिरात हे दोन वेगळे चॅनल हवेत, नाहीतर जाहिरातीबरोबर पाऊसही जातो. अँड्रॉइड 13 पासून तर नोटिफिकेशनची परवानगीच आधी मागावी लागते. ती नाकारली तरी टोकन असतंच, फायरबेसही पावती देतं, पण पडद्यावर काही उमटत नाही. म्हणून अॅप `areNotificationsEnabled()` चं उत्तरही नोंदवहीत पाठवतं. तिथे ‘नाही’ दिसलं, की केंद्रातला मुलगा इशाऱ्याच्या दिवशी त्या घरी साधा फोन लावतो.

केंद्राच्या मालकांना हे वेगळे चॅनल फारसे रुचले नव्हते. भर हंगामात ते म्हणाले, “जाहिरातीचा बंद केलाय लोकांनी. तणनाशकाचं तेवढं पावसाच्या चॅनलवरून सोड. तो सगळे बघतात.” त्यांना सांगितलं, चिडून एखाद्याने पावसाचा चॅनल बंद केला, तर आपला कोड तो पुन्हा चालू करू शकत नाही. चॅनल पुसून त्याच आयडीने नवा काढला तरी तो बंदच उघडतो. चालू करायचा तर त्या माणसालाच सेटिंग्जमध्ये जावं लागेल, आणि तो जाणार नाही.

मालक जरा वेळ फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “राहू दे. दुकानाच्या फळ्यावरच लिहितो.”