डोपामाइन डिटॉक्स : सात दिवस मोबाइल बंद ठेवला की मेंदू खरंच 'रीसेट' होतो का?

सात दिवस फोन नाही, गाणी नाहीत, गोड नाही, मित्रांशी गप्पाही नाहीत. एवढं केलं की मेंदूत साचलेलं डोपामाइन निघून जातं आणि अभ्यासात मन लागतं, असा सल्ला देणारे व्हिडिओ सध्या सगळीकडे दिसतात. गंमत म्हणजे हा सल्लाही रीलमधूनच मिळतो. काही जण नेमकं उलटं सांगतात. त्यांच्या मते फोनमुळे डोपामाइन संपलेलं असतं आणि ते पुन्हा भरायला उपवास करावा लागतो. डोपामाइन म्हणजे टाकीतलं पाणी, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. घोळ तिथेच आहे.

डोपामाइन खरंच रिकामं केलं तर?

हा प्रयोग झालेला आहे आणि त्याचा एक धागा आपल्याकडच्या सर्पगंधा या वनस्पतीपर्यंत येतो. उच्च रक्तदाबावर सर्पगंधाचा उपयोग कसा होतो, याचा अभ्यास मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पुढे या वनस्पतीच्या मुळांतून रेसरपिन हे औषध वेगळं करण्यात आलं. मेंदूच्या पेशींनी साठवून ठेवलेलं डोपामाइन आणि त्यासोबतची आणखी काही रसायनं या औषधामुळे रिकामी होतात.

स्वीडनमधले शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिलं. ससे निपचित पडले. मग कार्लसन यांनी त्यांना एल-डोपा दिलं. एल-डोपा म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामाइन बनवतो तो कच्चा माल. थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. या कामाच्या वाटेवरूनच पार्किन्सन्सवरचा एल-डोपाचा उपचार आला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

डोपामाइन खरोखर खाली गेल्यावर काय होतं, हे पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्येही दिसतं. डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात तशी हालचाल मंदावते, चालताना पाऊल उचलणं जड जातं. एकाग्रता वाढत नाही.

फोन बाजूला ठेवल्याने असलं काहीच होत नाही. डाळ, दूध, अंडी अशा अन्नातून मिळणाऱ्या टायरोसिनपासून मेंदू सतत डोपामाइन बनवत असतो. आपण गादीवर नुसते पडून असतो तेव्हाही या पेशी साधारण सेकंदाला तीन ते पाच संदेश सोडत असतात. त्यामुळे धुऊन काढण्यासारखं काही साचत नाही आणि रील पाहून ते संपतही नाही.

मग डोपामाइनचं काम काय?

मेंदूच्या मधल्या भागात, खाली बुडाशी, या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथून निघालेले तंतू पुढच्या बाजूला न्यूक्लियस अकम्बन्स नावाच्या भागापर्यंत जातात. यालाच 'रिवॉर्ड पाथवे' म्हणतात. या नावामुळे डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, असा समज पक्का झाला.

या समजाला मोठा धक्का वुल्फ्रॅम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांनी दिला. माकडाला फळांच्या रसाचे थेंब द्यायचे आणि त्या वेळी डोपामाइन पेशी काय करतात हे बारीक इलेक्ट्रोडने नोंदवायचं, अशी ती रचना होती.

सुरुवातीला रस अचानक मिळाला की पेशींमधून संदेशांचा एकदम भडिमार होई. मग रस देण्याआधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात झाली. माकडाला त्याचा अर्थ कळल्यावर भडिमार खूण दिसताच होऊ लागला आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर पेशी आपल्या नेहमीच्या गतीनेच चालू राहिल्या. रस तोच आणि तितकाच गोड होता, पण आता तो अपेक्षित होता. शेवटी खूण दाखवून रस दिलाच नाही, तेव्हा ज्या क्षणी रस यायला हवा होता त्याच क्षणी पेशी जवळपास गप्प झाल्या.

म्हणजे या पेशी गोडवा मोजत नव्हत्या. अपेक्षा किती होती आणि मिळालं किती, यातला फरक त्या सांगत होत्या. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर संदेश वाढतात, कमी मिळालं तर घटतात. या फरकावरून मेंदू शिकतो की कोणती खूण दिसल्यावर कशाच्या मागे जायचं.

फोनच्या बाबतीत हे कसं लागू होतं?

समजा, पुण्यातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा बसला आहे. टेबलावरच्या फोनची 'टिंग' वाजते. कधी मित्राचा मेसेज असतो, कधी नुसती जाहिरात. काय असेल ते आधी कळत नाही, त्यामुळे अपेक्षा कधी पुरी होते, कधी होत नाही. महिनोन् महिने हे चालल्यावर ती टिंग माकडाच्या खुणेसारखी होते. मेसेज वाचायच्या आधीच हात फोनकडे गेलेला असतो.

आता हा मुलगा सात दिवस फोन घरी ठेवून गावी जातो. पहिले दोन दिवस चुळबुळ होते. अपेक्षित गोष्ट न मिळण्याचा तो परिणाम असू शकतो, पण व्हिडिओवाले त्याला 'डोपामाइन बाहेर पडतंय' म्हणतात. मग बरं वाटू लागतं, कारण तिथे टिंगच नाही. आठव्या दिवशी तो अभ्यासिकेत परततो, तोच फोन त्याच टेबलावर ठेवतो आणि पहिल्या टिंगला हात पुन्हा पुढे जातो. खूण आणि बक्षीस यांचं शिकलेलं नातं आठवडाभरात पुसलं जात नाही. ते मोडायला टिंग बंद करावी लागते किंवा फोन अभ्यासिकेबाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तोही रोज.

खरं तर मूळ कल्पना याच्या जवळचीच होती. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा यांनी २०१९ मध्ये 'डोपामाइन फास्टिंग' लोकप्रिय केलं. सवयीला चाळवणाऱ्या गोष्टी ठरावीक वेळ दूर ठेवायच्या, असं वर्तन उपचारातलं जुनं तंत्र ते सांगत होते. नाव शब्दशः घेऊ नका, डोपामाइन कमी करणं हा हेतूच नाही, असं त्यांनीही स्पष्ट केलं होतं. पुढे नाव तेवढं पसरलं, आणि त्यात गप्पा, संगीत, व्यायामसुद्धा वर्ज्य करण्याची भर पडली.

'एका रीलने डोपामाइन इतके टक्के वाढतं' हे कोणी मोजलं?

असे आकडे दिसले की एकच प्रश्न विचारावा : कशाने मोजलं? माणसाच्या मेंदूतलं डोपामाइन रक्ततपासणीत कळत नाही, कारण ते रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा ओलांडत नाही. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी द्रव्य टोचून त्याचा अप्रत्यक्ष अंदाज बांधता येतो, तोही थोड्या लोकांवर आणि प्रयोगशाळेत. मोबाइलचं ॲप किंवा मनगटावरचा बँड हे दाखवू शकत नाही.

फोनपुरता हा गैरसमज फारसा महागात पडत नाही, आठवडाच वाया जातो. दारूच्या बाबतीत मात्र तो घातक ठरू शकतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने 'डिटॉक्स' म्हणून घरच्या घरी एकदम बंद केली, तर हात थरथरणं, भास होणं आणि फिट येणं इथपर्यंत मजल जाते, जीवही जाऊ शकतो. तिथे दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवतात. तसंच पार्किन्सन्सची किंवा मानसिक आजाराची गोळी डोपामाइनवर काम करते असं वाचून ती स्वतःहून थांबवणाऱ्यांनी आधी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा.