दोष खाली, कारण वर

ब्लाउज शिवता शिवता मशीन खालून लूप सोडायला लागलं की बहुतेक जणी आधी बॉबिन केस बाहेर काढतात. खराबी कापडाच्या खालच्या अंगाला दिसते, म्हणजे बिघाडही खालच्या दोऱ्यातच असणार, असा साधा हिशेब असतो. मग केसचा बारीक स्क्रू पिळला जातो, टीप सुधारत नाही, पुन्हा पिळला जातो, आणि मुळात ठाकठीक असलेला बॉबिनचा ताण कायमचा बिघडतो. खरं तर खाली लूप पडले तर संशयित वरचा दोरा असतो आणि वर पडले तर बहुधा खालचा. हे असं का, हे एकदा कळलं की एका चिंधीवर बिघाड कुठे आहे ते सांगता येतं.

टाका कसा पडतो ते पाहू. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि किंचित वर येऊ लागली की तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फास सुटतो. शटलचं टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं. मग मशीनच्या तोंडाशी वरखाली होणारी दांडी वरचा दोरा खेचून घेते आणि त्याच्यासोबत खालचा दोरा कापडात ओढला जातो. दोन्ही दोऱ्यांची गाठ नेमकी कुठे बसेल, हे त्यांच्या रस्सीखेचीवर ठरतं. दोघांचं बळ सारखं असेल तर गाठ कापडाच्या जाडीत मधोमध लपते. वरचा दोरा ढिला असेल तर खालचा त्याला आपल्या बाजूला ओढून नेतो, आणि ढिल्या दोऱ्याचे वळसे आपल्याला खालून दिसतात.

दोन्हीकडे एकाच रंगाचा दोरा असेल तर हे काहीच वाचता येत नाही. म्हणून चाचणीपुरता वर निळा आणि बॉबिनमध्ये लाल दोरा घ्यावा, मात्र दोन्ही एकाच जातीचे आणि एकाच जाडीचे. वर पॉलिएस्टर आणि खाली सुती दोरा घेतला तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. चिंधीही जे शिवायचं त्याच कापडाची हवी आणि थरही तितकेच. अस्तराचा ब्लाउज असेल तर कापड आणि अस्तर मिळून जितके थर सुईखाली येणार, तितकेच घ्यायचे. एकेरी रुबियावर छान दिसणारी टीप चार थरांवर तशीच येईल असं नाही. वीतभर सरळ टीप मारायची, रोजच्याच वेगाने. सुरुवातीचे पाचसात टाके सोडून द्यायचे, कारण तिथे दोऱ्याचं मोकळं टोक असतं, आणि निकाल मधल्या भागावरून द्यायचा.

फिक्या रुबियाच्या कात्रणावर, अस्तरासकट, १४ नंबरच्या सुईने मारलेल्या एका टिपेचं उदाहरण घेऊ. डायल ४ वर आहे. वरून टीप बरी दिसते. कापड उलटं केलं तर निळ्या दोऱ्याचे मोठे वळसे, आणि त्यांच्यामधून लाल दोरा ताठ, सरळ रेषेत गेलेला. त्याचं टोक धरून ओढलं तर तो अख्खा बाहेर निघून येतो. जो दोरा असा सरळ झोपलेला असतो, तो रस्सीखेच जिंकलेला असतो. इथे हरलेला आहे निळा, म्हणजे वरचा.

आता डायल ४ वरून ६ वर नेला आणि शेजारी दुसरी टीप मारली. वळसे जसेच्या तसे. या निकालाकडे सर्वात जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. ताण वाढवूनही टीप बदलत नसेल तर तो ताण दोऱ्यापर्यंत पोचतच नाही. डायलमागे दोन गोल चकत्या असतात आणि त्यांच्यामध्ये दोरा दाबला जातो. पाय खाली असताना त्या मिटलेल्या असतात आणि उचलला की उघडतात. पाय खाली ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांमध्ये शिरतच नाही, कडेने घसरून जातो. तेव्हा पाय उचलायचा, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवायचा आणि सुईजवळ धरून ओढून पाहायचा. पाय वर असताना दोरा सैल सरकला पाहिजे आणि पाय खाली टाकताच त्याने अडलं पाहिजे, इतकं की सुई किंचित वाकते. तरीही अडला नाही तर चकत्यांमध्ये कापसाची भुसकट किंवा दोऱ्याचा तुकडा बसलेला असतो. पाय वर ठेवून सुती कापडाची घडी घातलेली पट्टी त्या फटीतून दोनतीनदा फिरवली की तो निघतो.

आपल्या उदाहरणात दोरा पुन्हा ओवून ६ वर टीप मारली तर चित्र पालटलं. खालचे वळसे गेले, पण वरच्या अंगाला प्रत्येक टाक्याच्या भोकात लाल ठिपका दिसू लागला आणि रुबियाला बारीक चुण्या पडल्या. आता वरचा दोरा जास्त ओढतोय. डायल परत ४ वर आणल्यावर दोन्ही बाजू स्वच्छ झाल्या. म्हणजे आकडा आधीपासून बरोबर होता, चुकलं होतं ते ओवणं.

नजरेला सगळं ठीक दिसत असताना खात्री हवी असेल तर तिरप्या कापडावरची जुनी परीक्षा आहे. घट्ट विणीच्या हलक्या सुती कापडाचा चौकोन कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडायचा आणि दुमडीजवळून, तिला समांतर टीप मारायची. मग टिपेची दोन्ही टोकं धरून हिसका द्यायचा. तिरपं कापड ताणलं जातं, दोरा तितका ताणला जात नाही, त्यामुळे तो तुटतो. फक्त निळा तुटला तर वरचा ताण जास्त, फक्त लाल तुटला तर खालचा. दोन्ही एकदम तुटले तर तोल बरोबर आहे. होजिअरीसारख्या ताणणाऱ्या कापडावर ही परीक्षा चालत नाही.

बॉबिनकडे वळायचं ते हे सगळं झाल्यावर, वरचा डायल कुठेही ठेवला तरी तोल जमत नसेल तेव्हाच. केस काढून आधी तिच्या पोलादी पट्टीखाली जाड कागदाचा कोपरा फिरवावा, कारण तिथे अडकलेली भुसकट पट्टी उचलून धरते आणि खालचा दोरा ढिला सुटतो. नंतर दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लोंबकळू द्यायची. ती स्थिर राहावी आणि हाताला हलका झटका दिला की थोडीशी खाली उतरून पुन्हा थांबावी. आपोआप घसरत गेली तर ताण कमी आहे, झटक्यालाही जागची हलली नाही तर जास्त आहे. ही चाचणी केस सुटी निघणाऱ्या मशीनसाठी आहे. बॉबिन वरून टाकायच्या मशीनला ती लागू होत नाही. स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी त्याच्या खाचेची जागा पेनने खूण करून ठेवावी, एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवावा आणि दर वेळी नवी टीप मारून बघावी.

तोल बरोबर असूनही टीप वाईट येऊ शकते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. दोन्ही दोरे सारखेच घट्ट असतील तर गाठ मधोमध बसते, पण पातळ कापड चुरगळतं. दोन्ही सारखेच ढिले असतील तर शिवण दोन्ही हातांनी फाकवल्यावर मध्ये शिडीसारखे दोरे दिसतात. अशा वेळी दोन्ही ताण मिळून कमी किंवा जास्त करावे लागतात. टाके सुटत असतील तर मात्र डायलला हात लावू नये. त्यामागे बहुतेक वेळा बोथट, वाकलेली किंवा उलटी बसवलेली सुई असते.

जमलेली चिंधी फेकू नये. तिच्यावर कापड, सुईचा नंबर, दोऱ्याची जात आणि डायलचा आकडा पेनने लिहून मशीनच्या खणात ठेवली, तर पुढच्या वेळी तसंच कापड आल्यावर तिच्याशेजारी नवी टीप ठेवून लगेच ताडून पाहता येतं.