खोली मोठी झाली की फोटो?

घराचं नूतनीकरण संपलं की दोन फोटो शेजारीशेजारी लावून नातेवाइकांना पाठवले जातात. डावीकडे जुनी खोली, उजवीकडे नवी. पाहणारे लगेच म्हणतात, ‘केवढी मोठी वाटतेय!’ पण कंत्राटदाराचं बिल तपासायचं असेल किंवा आपल्या घरात तसंच काम करून घ्यायचं असेल, तर ‘वाटतेय’ या शब्दाचा उपयोग होत नाही. नेमकं काय बदललं, कुठे आणि किती, हे लिहून काढावं लागतं. दोन फोटोंवरून ते बऱ्याच अंशी जमतं, पण बघायचा क्रम ठरलेला हवा.

उदाहरण म्हणून एक हॉल घेऊ. पुण्यातल्या तीस-पस्तीस वर्षं जुन्या सोसायट्यांत असतो तसा. दहा फूट रुंद, खाली मोझॅकच्या लाद्या, भिंतीवर सनमायकाचा स्विचबोर्ड, खिडकीला बाहेर उघडणाऱ्या लाकडी झडपा. आधीचा फोटो रात्री, ट्यूबलाइटच्या उजेडात, दारात उभं राहून मोबाइलवर काढलेला. नंतरचा दिवसा, खोलीच्या कोपऱ्यातून, मोबाइलची 0.5x ही रुंद भिंग असलेली सोय वापरून.

सुरुवात करायची ती न बदललेल्या गोष्टींपासून. खिडकीची जागा, तुळई, दाराची चौकट या दोन्ही फोटोंत ओळखू आल्या पाहिजेत. त्या खुणा सापडल्याशिवाय बाकीची तुलना अधांतरी राहते. या हॉलमध्ये दाराची सागवानी चौकट तीच आहे आणि फ्रिजही तोच आहे. पुढचं मोजमाप या दोघांच्या भरवशावर होतं.

आता रुंदीचं बघू. आधीच्या फोटोत समोरच्या भिंतीलगत लाद्या मोजल्या तर बारा भरतात. मोझॅकची लादी दहा इंची, म्हणजे एकशेवीस इंच, बरोबर दहा फूट. नंतरच्या फोटोत त्याच भिंतीलगत दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइल पाच बसल्या आहेत. पुन्हा दहा फूट. खोली इंचभरही वाढलेली नाही. रुंद भिंगात जास्त भाग मावतो आणि जवळच्या वस्तूंच्या मानाने समोरची भिंत लहान दिसते, म्हणून ती लांब गेल्यासारखी वाटते. फोटोच्या कडेला आलेला सोफा ताणल्यासारखा दिसतो, ती याच भिंगाची खूण. शिवाय अकरा सांध्यांच्या जागी चारच सांधे आल्याने जमीन सलग दिसते.

उंचीचं मात्र उलट आहे. तिथे खरोखर फरक पडला आहे आणि तो चटकन लक्षात येत नाही. चौकट सात फुटांची आहे. आधीचा फोटो अशा आकारात छापला की चौकट सात सेंटिमीटर भरेल, तर चौकटीच्या डोक्यापासून छतापर्यंत अडीच सेंटिमीटर मिळतात. म्हणजे छत साडेनऊ फुटांवर होतं. नंतरच्या फोटोत चौकट तेवढीच ठेवली तर वरची मोकळी भिंत पावणेदोन सेंटिमीटरच उरते. फॉल्स सीलिंगने नऊ इंच उंची घेतली. हा हिशोब चौकट ज्या भिंतीत आहे, त्याच भिंतीपुरता खरा असतो. शिवाय ती भिंत फोटोत समोरासमोर, मधोमध आणि सरळ आलेली असावी लागते. कॅमेरा वर किंवा खाली कललेला असेल तर भिंतीच्या उभ्या कडा तिरक्या दिसतात. अशा फोटोवर पट्टी लावण्यात अर्थ नसतो.

छत खाली आलं की पंख्याकडे बघायचं. आधी पंख्याची दांडी चांगली फूटभर दिसत होती, आता तिचा तीनच इंचांचा तुकडा दिसतो. दांडी तीच ठेवली आणि छत खाली घेतलं, म्हणून पाती छताला जवळजवळ टेकली आहेत. पात्यांच्या वर हवा खेचायला पुरेशी जागा नसेल तर वारा कमी लागतो. उन्हाळ्यात जाणवणारी ही गोष्ट फोटोतच पकडता येते.

खिडकीतही असाच बदल दडला आहे. लाकडी झडपा पूर्ण उघडायच्या. त्यांच्या जागी दोन पट्ट्यांची सरकती अॅल्युमिनियमची खिडकी आली आहे. ती एका वेळी अर्धीच उघडते, कारण एक काच दुसरीमागे सरकते. फोटोत उजेड भरपूर दिसतो, पण वारा यायची जागा निम्मी झाली आहे.

रंगाच्या बाबतीत फसगत सगळ्यात सहज होते. जुनी भिंत निळसर, नवी उबदार मलईच्या रंगाची दिसते. इथे फ्रिज कामाला येतो. तो पांढरा आहे आणि बदललेला नाही, तरी नंतरच्या फोटोत त्याच्यावरही पिवळसर झाक आहे. म्हणजे थोडा फरक उजेडाचा आणि उरलेला रंगाचा. नक्की छटा हवी असेल तर रंगाच्या डब्यावरचा नंबरच विचारावा.

खिडकीखाली, जमिनीलगत, आधीच्या फोटोत रंगाचे पोपडे सुटलेले दिसतात. नंतरच्या फोटोत तिथे लाकडी पॅनेल आहे. या ठिकाणी ‘ओल गेली’ असं लिहिणं चूक ठरेल. फोटो एवढंच सांगतो की ओलीची जागा झाकली गेली. बाहेरच्या भिंतीची भेग भरली का, हे पॅनेलमागे आणि पुढच्या पावसाळ्यातच कळेल.

म्हणून यादीचे चार भाग करावेत. या हॉलचं बघा. बांधकामात बदललं ते असं: फरशी, नऊ इंच खाली आलेलं छत, सरकती खिडकी, दोनाऐवजी सहा प्लग पॉइंट. सामानात बदललं: सोफा, पडदे, भिंतीवरून हललेलं कपाट. फोटोमुळे बदललेलं दिसलं: रुंदी आणि भिंतीच्या रंगाचा काही भाग. आणि फोटोवरून न कळणारं: ओल, भिंतीतली वायर नवी की जुनी, फरशी जुनी काढून बसवली की जुनीवरच चिकटवली. या शेवटच्या प्रश्नाला एक छोटा पुरावा असतो. जुनीवर नवी चिकटवली की जमीन साधारण अर्धा इंच चढते. मग बाल्कनीचा उंबरठा तेवढा बुटका दिसतो आणि दाराची फळी खालून तासलेली असते.

फोटो एकाच जागेवरून काढले असते तर यातली निम्मी खटपट वाचली असती. ती जागा पुन्हा शोधण्याची युक्ती छायाचित्रकारांना ठाऊक आहे. अमेरिकेत 1977 मध्ये मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणाच्या फोटोंची ठिकाणं पुन्हा गाठली. जवळचा खडक दूरच्या डोंगरकड्याच्या नेमक्या कोणत्या भागावर येतो, हे जुन्या फोटोत बघायचं आणि तसंच दिसेपर्यंत सरकत राहायचं. घरात खडकाच्या जागी खिडकीचा गज आणि कड्याच्या जागी समोरच्या इमारतीची गच्ची धरता येते. काम सुरू व्हायच्या आधीच चारही कोपऱ्यांतून, छातीच्या उंचीवरून, 1x वर, दिवसाच्या एकाच वेळी फोटो काढून ठेवले तर तेही करावं लागत नाही.

आणि एक फोटो मधला हवा. भिंत फोडून पाइप आणि वायरिंगच्या नळ्या टाकल्या आहेत, पण गिलावा व्हायचा आहे, त्या दिवशी भिंतीला मोजपट्टी लावून काढलेला. पुढे टीव्हीसाठी भोक पाडायला ड्रिलवाला येईल तेव्हा नळी कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे, हे तोच फोटो सांगतो.