म्हातारपणाच्या पुंजीला दोन कठडे

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपण कोल्हापूरकर पावसाळाभर वर्तमानपत्रांत वाचत असतो. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की दरवाजा आपोआप उघडतो, उतरले की मिटतो. ऐनवेळी बैठक नाही, वाद नाही. निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून दरसाल किती काढायचे, या प्रश्नालाही असेच एक उत्तर आहे.

सरकारी नोकराला किंवा जुन्या बँक कर्मचाऱ्याला पेन्शन मिळते, महागाईनुसार तिच्यात भरही पडते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याचे तसे नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनीची किमान रक्कम २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरली आणि ती पेन्शन महागाईशी जोडलेली नाही. अशा माणसाचा खरा आधार म्हणजे हाती आलेली पुंजी. नव्वदच्या दशकात ठेवीवर बारा टक्के व्याज मिळे, म्हणून व्याजावर घर चाले. २०२० साली तेच व्याज पाच-साडेपाच टक्क्यांवर आले. त्यामुळे अनेकांनी पुंजीचा काही भाग म्युच्युअल फंडात ठेवून दरमहा रक्कम काढण्याची वाट धरली. पण बाजार कधी चढतो, कधी पडतो. मग काढायचे किती?

अमेरिकेतील आर्थिक सल्लागार जोनाथन गायटन यांनी २००४ साली आणि पुढे विल्यम क्लिंगर यांच्यासह २००६ साली यासाठी नियम मांडले. घाटरस्त्याला दोन्ही बाजूंनी कठडे असावेत, तसे हे नियम आहेत.

उदाहरण घेऊ. एका जोडप्याची पुंजी ६० लाख आहे. निम्मी ठेवींत, निम्मी शेअरच्या फंडांत. पहिल्या वर्षी त्यांनी पाच टक्के, म्हणजे ३ लाख, महिना २५,००० रुपये काढायचे ठरवले. हा पाच टक्के मध्य. त्याच्या एक-पंचमांश वर सहा टक्के आणि एक-पंचमांश खाली चार टक्के, हे दोन कठडे. वर्षातून एकदा खर्चाला शिल्लक पुंजीने भागायचे, एवढाच हिशेब. दोन कठड्यांमध्ये असाल तर महागाईइतकी वाढ घ्या आणि निश्चिंत राहा.

आता समजा पहिल्याच वर्षी बाजार कोसळला आणि वर्षाचा खर्च जाऊन पुंजी ४८ लाख उरली. पुंजीला तोटा झालेला आहे आणि काढण्याचे प्रमाण मूळ पाच टक्क्यांच्या वर आहे, म्हणून महागाईची वाढ यंदा नाही. शिवाय ३ लाखांना ४८ लाखांनी भागले तर प्रमाण सव्वासहा टक्के येते, कठडा ओलांडला. म्हणून खर्चात दहा टक्के कपात: महिना २२,५००. पुढल्या वर्षी बाजार सावरून पुंजी ५२ लाखांवर गेली. महागाई सहा टक्के धरली तर महिना २३,८५० होतात, आणि प्रमाण साडेपाच टक्के. गाडी पुन्हा रस्त्यावर. काही वर्षांनी पुंजी ९५ लाख आणि खर्च वर्षाला ३ लाख ६० हजार झाला, तर प्रमाण चार टक्क्यांच्या खाली जाते. तेव्हा दहा टक्के वाढवून महिना ३३,००० खुशाल घ्यावेत. उगीच हात आखडून जगण्याचे कारण उरत नाही.

मात्र कपातीचा आकडा फसवा असतो. नोटांच्या हिशेबात दहा टक्के कमी झाले, पण त्याच वर्षी महागाई सहा टक्के असेल तर २२,५०० रुपयांत जुन्या भावाने सव्वाएकवीस हजारांचाच बाजार येतो. खरी कपात पंधरा टक्क्यांची. लागोपाठ दोन वर्षे कठडा ओलांडला तर नोटाच पंचवीस हजारांच्या सव्वावीस हजार उरतात, आणि भाव तर चढलेलेच. भाडे, दूध, रक्तदाबाच्या गोळ्या आणि आरोग्यविम्याचा हप्ता यांना कपात कळत नाही.

म्हणून नियम स्वीकारण्यापूर्वी वहीत दोन रकाने करावेत: टाळता न येणारा खर्च आणि टाळता येणारा. पहिला रकाना पेन्शन, ज्येष्ठ नागरिक योजना, ठेवींचे व्याज अशा ठरलेल्या उत्पन्नातून भागला पाहिजे. कठडे लावायचे ते दुसऱ्या रकान्याला: प्रवास, सणवार, नातवंडांच्या भेटी. पहिलाच रकाना वीस-बावीस हजारांचा असेल आणि तोही बाजारातल्या पैशांवर अवलंबून असेल, तर पाच टक्क्यांची सुरुवातच जड आहे, चारवर यावे.

आणखी एक मर्यादा. हे नियम अमेरिकेतील बाजार आणि तिथली महागाई पाहून बेतलेले आहेत. आपल्याकडे भाव जलद चढतात, म्हणून मूळ टक्का सावधपणेच निवडावा. नियोजनाच्या शेवटच्या पंधरा वर्षांत कपातीचा नियम लावू नये, असे त्यांच्या कर्त्यांनीच म्हटले आहे. पुढे काढायची वर्षे थोडी उरली की मोठे प्रमाणही झेपते.

भागाकार दरवर्षी एकाच तारखेला करावा, एप्रिलचा पहिला आठवडा बरा. आणि तो नवरा-बायको दोघांनी मिळून करावा, कारण कपात झालीच तर ती एकट्याच्या ताटात होत नाही.