निमंत्रण आलं, पण जाणं जमेना

समजा, पुण्यातल्या एका संशोधिकेला बर्लिनच्या परिषदेत भाषणाचं निमंत्रण आलं. परिषद सात आठवड्यांवर आहे. तिने आधी कॅलेंडर उघडावं, तिकिटाचे दर नंतर पाहावेत.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण ते 45 पर्यंत लांबू शकतात. शिवाय बोटांचे ठसे देण्यासाठी भेटीची वेळ महिन्याभरानंतरची मिळाली, तर गणित तिथेच बिघडतं. फी 90 युरो; व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. त्यात 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हवा.

खरी मेख पुढे आहे. आयोजक अनेकदा ‘प्रवासखर्च देऊ’ म्हणतात, पण परिषद झाल्यावर, पावत्या पाहून. तोवर तिकिटाचे पैसे वक्त्याच्याच खिशातून जातात. व्हिसा नाकारला गेला, तर ते कोण देणार, हे पत्रात सहसा नसतंच!

म्हणून तिने त्याच आठवड्यात नकार कळवला: “व्हिसा वेळेत मिळण्याची खात्री नाही आणि तिकीट आगाऊ काढणं मला परवडणारं नाही. ध्वनिचित्रमुद्रित भाषण चालेल का?” कार्यक्रमपत्रिका छापायची होती, प्रतीक्षायादीतल्या वक्त्याला तिची जागा मिळाली.