नंबर बदलल्याचा अर्ज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मोबाईल समुद्रात पडणे नवलाचे नाही. समजा, एखाद्या तांडेलाचा फोन होडीवरून पाण्यात गेला. किनाऱ्यावर आल्यावर त्याने नवे सिम घेतले, घरच्यांना आणि दलालाला नवा नंबर कळवला, पण बँकेला मात्र कळवला नाही. ‘जुना नंबर पाण्यात गेला, आता तो कोण वापरणार?’ हा त्याचा समज, आणि इथेच पहिली चूक आहे. पाण्यात जाते ते सिम. नंबर कंपनीच्या दप्तरी शिल्लकच असतो. त्याच नंबराचे दुसरे सिम ओळखपत्र दाखवून मिळते आणि मग बँकेत जायची गरजच पडत नाही. सिम बदलल्यावर पहिले 24 तास संदेश बंद राहतात, एवढीच काय ती अडचण. नंबर सोडूनच दिला, तर तो बंद झाल्यावर किमान 90 दिवस मोकळा ठेवतात आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकतात. बँकेच्या नोंदीत जुनाच नंबर राहिला, तर तांडेलाच्या खात्याचे संदेश आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतील.

दुसरा समज असा की आधारमध्ये नंबर बदलला की बँकेतही आपोआप बदलतो. तसे होत नाही. या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि प्रत्येक बँकेला स्वतंत्रपणे कळवावे लागते. काही बँका एटीएमवर किंवा नेट बँकिंगमधून नंबर बदलू देतात, पण त्यासाठी अनेकदा जुन्या नंबरावर ओटीपी येतो. जुने सिमच हाती नसेल तर शाखेत अर्ज देणे हाच सरळ मार्ग.

‘माझ्याकडे नेट बँकिंग नाही, फक्त पासबुक आणि कार्ड आहे. मला संदेश कशाला?’ असा आक्षेप कोणी घेईल. पण रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी दिवसांवर ठरवली आहे. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्यानेच पैसे उडवले, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली तर ग्राहकाला काहीच भुर्दंड नाही. संदेश सोमवारी आला तर तो दिवस सोडून, मध्ये सुट्टी नसल्यास, गुरुवारपर्यंत मुदत. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यावर भुर्दंड जास्तीत जास्त 10,000 रुपये. त्याहून उशीर झाला तर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. म्हणजे सारा हिशोब त्या एका संदेशापासून सुरू होतो. तो जुन्या नंबरावर गेला, तर पैसे गेल्याचे कळणार पासबुक भरायला जाल तेव्हा.

यावर कोणी म्हणेल, ग्राहकाचा दोष सिद्ध करणे हे त्याच परिपत्रकानुसार बँकेचे काम आहे. खरे आहे. पण नोंदलेल्या नंबरावर संदेश पाठवल्याची नोंद बँक दाखवू शकते. ‘तो नंबर माझा राहिला नाही, हे मी अमुक तारखेला कळवले होते’ हे तुम्ही कशावरून दाखवाल? तोंडी सांगितलेले तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून माझ्या मते या अर्जात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या प्रतीवरचा शिक्का, तारीख आणि सही.

अर्ज इंग्रजीतच हवा, हाही गैरसमज. बँकांनी छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत ठेवावेत, असा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. शाखेचा छापील अर्ज असेल तर तो भरावा, नसेल तर साध्या कागदावर एवढे पुरते:

‘विषय: बचत खात्याचा मोबाईल क्रमांक बदलण्याबाबत. महोदय, आपल्या शाखेत माझे बचत खाते क्र. … आहे. नोंदवलेला मोबाईल क्र. … मी आता वापरत नाही. कृपया तो नोंदीतून काढून त्याऐवजी क्र. … नोंदवावा आणि यापुढे सर्व संदेश व ओटीपी त्याच क्रमांकावर पाठवावेत. सोबत ओळखपत्र व पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडली आहे.’

‘काढून’ हा शब्द गाळू नये; नाहीतर नवा नंबर फक्त जोडीला लागायचा. सही बँकेतल्या नमुन्याशी जुळायला हवी. पुष्कळ अर्ज तिथेच अडतात. पिन किंवा ओटीपी अर्जात कधीच लिहू नये. नंबर संयुक्त खात्यातल्या दुसऱ्या खातेदाराचा बदलला असेल, तर त्याच्या सहीचा वेगळा अर्ज द्यावा. यूपीआय वापरत असाल तर नवे सिम घालून ॲपवर पुन्हा नोंदणी करावी लागते.

पोच मिळाली म्हणजे काम झाले, असेही समजू नका. चार दिवसांनी एटीएममधून शंभर रुपये काढा आणि नव्या नंबरावर संदेश येतो का ते पाहा. नाहीच आला, तर शिक्क्याची प्रत घेऊन पुन्हा शाखेत जा.